जर्मनीहून आलेलं घड्याळ: फोन इंग्रजी झाला, घड्याळ मात्र जर्मनच

कृष्णाकाठ | १३ मार्च २०२५, सकाळी ११:२०

मंडळी, लेक म्युनिकला असते. गेल्या महिन्यात सांगलीला येऊन गेली तेव्हा तिचा जुना आयफोन आणि तिथेच घेतलेलं अ‍ॅपल वॉच एसई मला देऊन गेली. दोन्ही जर्मन भाषेत होते. जाण्याच्या गडबडीत तिने मनगटावर घड्याळ बांधलं, "बाबा, पावलं मोजा" म्हणाली आणि गेली.

फोन मी स्वतःच्या हिकमतीवर इंग्रजी केला. Settings मध्ये General, त्यात Language & Region, तिथे English (India) घेतलं. फोन सुधारला, पण घड्याळ हटून बसलंय. आज सकाळी त्यावर DO 13 दिसत होतं. मला वाटलं १३ कामं करायची राहिलीत. बायको म्हणाली, काल MI 12 होतं, म्हणजे ते वार असणार.

दुसरी गोष्ट पावलांची. कृष्णेच्या घाटावर जाऊन आलो की आकडा 6.842 असा येतो. तासभर चालून पावणेसात पावलं? आणि वेळ 21:45 अशी. मला पावणेदहा पाहिजेत. घड्याळाची भाषा, हे आकडे आणि ही रेल्वेची वेळ, तिन्ही कसं बदलायचं? लेकीला विचारलं असतं, पण तिच्या परीक्षा चालू आहेत.

---

दुबईकर | १३ मार्च, दुपारी १२:०५

काका, सोपं आहे. या घड्याळांना स्वतःची भाषा नसतेच, ती फोनचीच भाषा उचलतात. माझं हुआवेचं घड्याळ दुबईत घेतलेलं. अरबी फोनला जोडलं तेव्हा अरबी होतं. रत्नागिरीला आल्यावर इंग्रजी फोनला जोडलं तर आपोआप इंग्रजी झालं, वेळसुद्धा फोनसारखी. घड्याळात मी कशालाही हात लावला नाही. तुम्ही फोनची भाषा बदला, ब्लूटूथ चालू ठेवा, पाच मिनिटं थांबा.

---

कृष्णाकाठ | १३ मार्च, दुपारी १२:३०

अहो, फोनची भाषा बदललीच आहे, वर लिहिलंय. पाच मिनिटं नाही, पाच दिवस झाले.

---

दुबईकर | १३ मार्च, दुपारी १२:४१

मग रीसेट मारा. घड्याळातच Settings मध्ये सगळं पुसायचा पर्याय असतो. नव्याने जोडलं की भाषा विचारेल.

---

मिरजमळा | १३ मार्च, दुपारी १:१५

सेम प्रॉब्लेम! माझ्या भाच्याने जर्मनीहून आणलेलं घड्याळ साडेचार तास मागे आहे. दुपारी एक वाजता सकाळचे साडेआठ दाखवतं. मी रोज मनात साडेचार मिळवतो. यावर उपाय मिळाला तर मलाही सांगा.

---

तारकर्ली | १३ मार्च, दुपारी २:५०

काका, रीसेट अजिबात करू नका. फोन आणि घड्याळ अजून मुलीच्याच अ‍ॅपल खात्यावर असणार, कारण तिने ते "देऊन" टाकलं, पुसून दिलं नाही. घड्याळावरूनच सगळं पुसलं तरी त्याचं कुलूप निघत नाही. पुन्हा जोडताना ते जुन्या मालकाचा पासवर्ड मागतं, आणि तुमची जुनी मालकीण परीक्षेला बसली आहे. भाषेसाठी एवढं करायची गरजही नाही.

दुबईकरांचं म्हणणं त्यांच्या घड्याळापुरतं बरोबर आहे. अ‍ॅपलचं घड्याळही मुळात फोनचीच नक्कल करतं. पण ती नक्कल बंद करून घड्याळाला वेगळी भाषा देता येते. माझा अंदाज, मुलीने जर्मनचा सराव व्हावा म्हणून तेच केलं असेल. फोन बदलून घड्याळ बदलत नाही याचं दुसरं कारण मला दिसत नाही.

एक काम करा. फोनवर Watch नावाचं अ‍ॅप आहे, ते उघडा. घड्याळावर नाही, फोनवर. तो फोन आता इंग्रजी आहे, त्यामुळे हे अ‍ॅपही इंग्रजीत दिसेल आणि जर्मन शब्द ओळखत बसायला लागणार नाही. खाली My Watch, मग General, मग Language & Region. तिथे दोन ओळी असतील: Mirror my iPhone आणि Custom. बरोबरची खूण कुठल्या ओळीवर आहे ते फक्त सांगा. अजून काही बदलू नका.

@मिरजमळा, तुमचा प्रश्न वेगळा आहे. तुमची वेळ चुकलेली आहे, काकांची बरोबर आहे, फक्त लिहायची पद्धत वेगळी आहे. साडेचार तास म्हणजे घड्याळ अजून जर्मनीच्या वेळेवर आहे. ते कुठल्या फोनला जोडलंय आणि त्या फोनमध्ये वेळ आपोआप घ्यायचं बटण चालू आहे का?

---

कृष्णाकाठ | १३ मार्च, दुपारी ४:१०

Custom वर खूण आहे!

---

तारकर्ली | १३ मार्च, दुपारी ४:२५

सापडलं. आता Mirror my iPhone वर बोट ठेवा. घड्याळ फोनजवळ असू द्या. पडदा थोडा वेळ काळा होईल, घाबरू नका, बटणं दाबत बसू नका.

---

कृष्णाकाठ | १३ मार्च, सायंकाळी ५:००

झालं! DO चं THU झालं. मेसेज, हवामान, सगळं इंग्रजी. चहा तुमच्या नावाने प्यायलो.

पण पावलं अजून 6.842 आणि अंतर 4,45. वेळ 16:58. म्हणजे भाषा इंग्रजी आणि हिशेब जर्मन.

---

तारकर्ली | १३ मार्च, सायंकाळी ५:४०

बरोबर होतंय ते. भाषा आणि प्रांत ही दोन वेगळी खाती आहेत. भाषेने शब्द बदलतात. आकडे, तारीख आणि आठवडा कुठल्या वारी सुरू होतो हे प्रांताकडून येतं. जर्मनीत टिंब आणि स्वल्पविरामाची कामं आपल्या उलट असतात. हजारानंतर टिंब देतात आणि अपूर्णांकाआधी स्वल्पविराम. म्हणून तुमची सहा हजार आठशे बेचाळीस पावलं 6.842 दिसतात आणि साडेचार किलोमीटरला पन्नास मीटर कमी असलेलं अंतर 4,45. घड्याळ चुकीचं मोजत नाही, तुम्ही ते मराठी डोळ्यांनी वाचताय.

तुम्ही फोनची भाषा English (India) केली, पण त्याच पानावर खाली Region अशी ओळ आहे, तिथे अजून Germany असणार. "English (India)" मधला India हा फक्त इंग्रजीचा प्रकार आहे, त्याने प्रांत बदलत नाही. इथेच बहुतेक जण फसतात. Region मध्ये India निवडा. घड्याळ आता फोनची नक्कल करतंय, म्हणून तेही बदलेल.

---

शुभाताई | १३ मार्च, सायंकाळी ६:०५

थांबा काका, Region बदलू नका! माझ्या बहिणीने अमेरिकेहून आल्यावर देश बदलायला घेतला तर आधी सबस्क्रिप्शन बंद करा, खात्यातली शिल्लक संपवा असं काय काय यायला लागलं. शेवटी तिने नाद सोडला.

---

तारकर्ली | १३ मार्च, सायंकाळी ६:३०

शुभाताई, तुमच्या बहिणीने बदलायला घेतला तो खात्याचा देश. ती जागा वेगळी आहे, Settings मध्ये सगळ्यात वर स्वतःच्या नावावर गेल्यावर मिळते, आणि तिथे खरंच या सगळ्या अटी येतात. मी सांगतोय ती General मधली Region. तिचा खरेदीशी संबंध नाही. ती बदलली म्हणून अ‍ॅप जात नाहीत आणि पैसेही अडकत नाहीत. इंग्रजी शब्द जवळपास तेच असल्यामुळे घोळ होतो. काका, नावावर जाऊ नका, General मध्येच जा.

---

पहाटेचा धावपटू | १३ मार्च, रात्री ८:१५

हे सगळं वाचून गार्मिन घेतल्याचं समाधान झालं. सिंगापूरहून आणलं, भाषा घड्याळातच, वेळेची पद्धतही घड्याळातच. Settings, System, Time, Time Format. फोन घरी ठेवून बदलता येतं. तिथे १२ आणि २४ तासांशिवाय Military असाही पर्याय आहे. तो निवडला की मधलं टिंब गायब होऊन 0515 असं दिसतं. एक आठवडा लावलं होतं, मग बायकोने विचारलं, सीमेवर निघालास का?

---

कृष्णाकाठ | १३ मार्च, रात्री ९:५०

Region मध्ये India केलं. आता 6,842 आणि 4.45. डोळे निवले. शुभाताई, काही बंद पडलं नाही.

राहिली वेळ. आत्ता 21:48 दाखवतंय. फोनवर मात्र 9:48 आलंय. म्हणजे फोन सुधारला आणि घड्याळ पुन्हा हटलं. ही नक्कल कसली?

---

घाटरस्ता | १३ मार्च, रात्री १०:२०

काका, २४ तासच ठेवा हो. तीस वर्षं रेल्वेत काढली. "बारा पाचची गाडी" म्हणून दुपारी स्टेशनवर आलेली माणसं मी पाहिली आहेत, गाडी रात्रीची असायची. 00:05 लिहिलं की भांडण मिटतं. तरी तारखेचा घोळ राहतोच, शनिवारी रात्री निघायचं म्हणून शनिवारचं 00:05 चं तिकीट काढतात आणि गाडी शुक्रवारी रात्रीच निघून गेलेली असते. पण तो घड्याळाचा दोष नाही.

---

कृष्णाकाठ | १३ मार्च, रात्री १०:३५

साहेब, गाडी पकडायची असती तर ठेवलं असतं. आम्ही सव्वा, साडे, पावणे यात जगणारी माणसं. 21:45 बघितल्यावर आधी बारा वजा करायचे, मग पावणेदहा म्हणायचे. पावणेबावीस म्हणता आलं असतं तर तक्रार नव्हती.

---

तारकर्ली | १४ मार्च, सकाळी ८:१०

धुळवडीच्या शुभेच्छा. घड्याळ काढून ठेवलं असेलच.

वेळेची पद्धत भाषा-प्रांताच्या नक्कलीत येईलच असं नाही, कारण घड्याळाला तिचं स्वतंत्र बटण आहे. फोनवरच्या Watch अ‍ॅपमध्ये My Watch, मग या वेळी General नाही, त्याच यादीत खाली Clock. तिथे 24-Hour Time असेल आणि ते चालू असेल. बंद करा. फोनचं बटण वेगळं, Settings, General, Date & Time मध्ये. फोन २४ आणि घड्याळ १२ असंही ठेवता येतं. मी स्वतः तसंच ठेवतो, कामाच्या मेलसाठी फोन २४ वर आणि मनगट १२ वर.

एक गोष्ट आधीच सांगतो. १२ वर गेल्यावर घड्याळाच्या बऱ्याच चेहऱ्यांवर AM किंवा PM दिसत नाही. नुसतं 9:48. दिवसा कळतंच की दिवस आहे, पण गजर लावताना लक्ष ठेवा.

---

कृष्णाकाठ | १४ मार्च, दुपारी १२:४०

पावणेएक वाजायला पाच मिनिटं कमी! जमलं. रंग धुऊन पहिलं तेच केलं.

---

मिरजमळा | १४ मार्च, सायंकाळी ७:००

@तारकर्ली, भाच्याने घड्याळ त्याच्या जुन्या फोनला जोडून ठेवलंय, तो फोन कपाटात असतो, त्यात सिम नाही. फोनवरही साडेचार तास मागेच आहे.

---

तारकर्ली | १४ मार्च, रात्री ९:३०

म्हणजे घड्याळ प्रामाणिक आहे, ते कपाटातल्या फोनचं ऐकतंय. त्या फोनमध्ये Date & Time उघडा. Set Automatically बंद असेल तर चालू करा आणि घरच्या वायफायला जोडा. तरी हललं नाही तर ते बंद करून Time Zone मध्ये हाताने कोलकाता घ्या, भारताची वेळ त्याच नावाने आहे. काटे हाताने साडेचार तास पुढे सरकवू नका. आज बरोबर दिसेल, पण फोन स्वतःला जर्मनीतच समजत राहील आणि महिनाअखेरीस तिथली घड्याळं बदलली की पुन्हा एक तास चुकेल.

---

कृष्णाकाठ | १९ मार्च, सकाळी ८:४५

तारकर्ली, तुम्ही सांगूनही व्हायचं ते झालं. रात्री आठच्या गोळीचा लेकीने लावलेला गजर 20:00 वरून आपोआप 8:00 PM झाला, तो ठीक वाजतो. काल नवीन एक गोळी सुरू झाली, तीही रात्री आठची. मी घड्याळावर नवा गजर लावला, काटे फिरवून आठ केले, आणि खुशीत झोपलो. आज सकाळी आठला देवपूजेत मनगट थरथरायला लागलं. काल रात्रीची गोळी राहिली ती राहिलीच.

---

तारकर्ली | १९ मार्च, सकाळी ९:३०

गोळीचं डॉक्टरांना विचारून घ्या, एका वेळी दोन घेऊ नका.

गजर लावताना त्याच पडद्यावर AM आणि PM असे दोन छोटे शब्द असतात. २४ तासांत ते नसतात, कारण गरजच नसते. तुम्ही सकाळी लावला असेल तर AM आधीच निवडलेलं राहिलं असणार. आकडा फिरवायच्या आधी ते दाबा, मग आठ करा. किंवा गजरापुरतं घाटरस्ता यांचं ऐका.

---

घाटरस्ता | १९ मार्च, सकाळी १०:००

मी काही म्हणालो नाही.

---

शुभाताई | १९ मार्च, सकाळी १०:४०

काका, अजून एक. ते तुमच्या मुलीचं खातं असेल तर घड्याळाला तुमचं वय-वजनही तिचंच वाटत असणार ना? जळलेल्या कॅलरी त्यावरून काढतात.

---

तारकर्ली | १९ मार्च, सकाळी ११:१५

शुभाताई, शंभर टक्के. काका, Watch अ‍ॅपच्या यादीत Health आहे, तिथे Health Details मध्ये जन्मतारीख, वजन, उंची दिसेल. पण ते बदललं तर तिच्या खात्यातली माहितीही बदलू शकते. तिला विचारल्याशिवाय हात लावू नका. पुढच्या वेळी ती आली की घड्याळ तिच्या हाताने अनपेअर करून घ्या, फोन पुसून तुमच्या खात्यावर चालू करा आणि मग पुन्हा जोडा. अनपेअर फोनवरच्या Watch अ‍ॅपमधूनच करायचं, म्हणजे तिचा पासवर्ड तिथेच टाकून कुलूप निघतं.

---

कृष्णाकाठ | ३० मार्च, रात्री ९:५५

नववर्षाच्या शुभेच्छा. गुढी उभारली, श्रीखंड झालं, आणि लेकीची परीक्षाही झाली.

आजचं एक सांगायला आलो. घड्याळाच्या कोपऱ्यात मी म्युनिकची वेळ लावून घेतली होती, जागतिक घड्याळाचा तुकडा असतो तो. रोज रात्री साडेनऊला फोन करायचो तेव्हा तिथे पाच असायचे, ती क्लासमधून सुटलेली असायची. आज त्याच वेळी कोपऱ्यात सहा. मला वाटलं मी पुन्हा काहीतरी बिघडवलं. ती म्हणाली, बाबा, आज पहाटे आमची घड्याळं एक तास पुढे गेली. म्हणजे घड्याळाला माझ्याआधी माहीत होतं.

त्या तुकड्यावर MUN असं लिहून येतं. ते बदलता येतं का?

---

तारकर्ली | ३० मार्च, रात्री १०:२०

येतं. Watch अ‍ॅप, Clock, तिथे City Abbreviations. शहरावर दाबून हवी ती अक्षरं टाका. आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तो तास परत मागे जाईल, तेव्हा घाबरू नका.

---

मिरजमळा | ३० मार्च, रात्री १०:४०

माझंही बरोबर झालं, कोलकाता निवडून. पण आता भाचा म्हणतो फोन परत पाहिजे. फोन गेला तर घड्याळाचं काय?

---

दुबईकर | २ एप्रिल, सकाळी ९:१०

आयफोनवर नवं अपडेट आलंय, १८.४. ऑफिसातल्या एकाच्या फोनवर भाषांच्या यादीत मराठी दिसली. फोनचे सगळे मेनू मराठीत! काका, तुम्ही घड्याळ इंग्रजी करण्यात महिना घालवलात, आता मराठीच करा ना.

---

पहाटेचा धावपटू | २ एप्रिल, सकाळी ९:३५

माझ्या अँड्रॉइडवर मराठी कधीची आहे. फोनचं घड्याळसुद्धा ९:३५ असं देवनागरी आकड्यांत येतं. मला आवडतं, मुलगा वाचताना अडखळतो. घड्याळावर मात्र मी इंग्रजीच ठेवलं, धावताना पाच आणि सहा यात विचार करायला वेळ नसतो.

---

कृष्णाकाठ | २ एप्रिल, रात्री ९:४४

अपडेट टाकतोय, फोन चार्जिंगला लावलाय. फोन मराठी झाला तर घड्याळ नक्कल करेल की पुन्हा इंग्रजीतच बसेल? कुणी करून बघितलंय का? मी थांबतो, कुणीतरी आधी उडी मारा.

MUN जाऊन तिथे आता SAI लिहिलंय. लेकीला फोटो पाठवला. तिने विचारलं, शिर्डीची वेळ कशाला लावलीत?

पावणेदहाला एक मिनिट आहे, गोळी घेतो.